सगळ्या क्लासला माहीत असलेला वायफायचा पासवर्ड: बदलायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं?

केतकी_नौपाडा

नमस्कार मंडळी. आमच्या घरी सासूबाई आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. नौपाड्यातली जुनी इमारत, तळमजल्यावर आमच्याच दोन खोल्या क्लाससाठी आहेत आणि पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो. लॉकडाऊनमध्ये फायबर घेतलं तेव्हा जो पासवर्ड ठेवला तोच आजही आहे. मधे राउटर बदलला, पण केबलवाल्याने "जुनंच नाव नि जुनाच पासवर्ड टाकतो, म्हणजे तुम्हाला काही करावं लागणार नाही" असं म्हणून तोच चालू ठेवला.

हा पासवर्ड फळ्यावर लिहिला गेलाय, क्लासच्या दारामागे त्याचा क्यूआर चिकटवलाय, आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक बॅचला तो ठाऊक आहे. सासूबाईंचं म्हणणं, "आपलीच मुलं आहेत, काय बिघडतं?" नवऱ्याचं म्हणणं, आजच्या आज बदल. मी मधे.

तर प्रश्न असा: बदलायलाच हवा हे नक्की कशावरून ठरवायचं? आणि कधी बदलावा? दहावीची परीक्षा आत्ता संपलीय, नववीच्या मुलांची शाळेची परीक्षा तोंडावर आहे, मी घरून काम करते, आणि त्या वायफायला सीसीटीव्ही, प्रिंटर, टीव्ही असं बरंच काही लटकलेलं आहे.

---

बंड्या

पासवर्ड इथेच टाका. इतक्या लोकांना माहीत आहे, आम्हीच काय घोडं मारलंय?

---

मिहिर_खारघर

सोपं आहे. नेट स्लो झालं की समजायचं कोणीतरी वापरतंय. आणि पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायचाच असतो, आमच्या ऑफिसात तसा नियम आहे. शिवाय राउटरमध्ये मॅक फिल्टर लावा, म्हणजे ठरावीक फोनच जोडले जातील. नेटवर्कचं नाव लपवा. विषय संपला.

---

अण्णा_कोपरी

माझाही हाच प्रश्न आहे. मला माझा पासवर्डच आठवत नाही. मुलगा पुण्याला असतो. राउटरच्या मागचं स्टिकर पुसलं गेलंय. टीव्हीवर चालतं, पण नव्या फोनवर येत नाही. काय करावे?

---

शलाका

अण्णा, तुमचा प्रश्न नेमका उलटा आहे :) जुन्या फोनमध्ये वायफायच्या यादीत त्या नावावर जाऊन 'शेअर' दाबा. क्यूआर येईल, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याच्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेलाही असतो. नव्या फोनच्या कॅमेऱ्याने तो क्यूआर टिपा.

---

खाडीकिनारी

शलाकाताईंनी अण्णांना जे सांगितलं, त्यातच केतकीताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. (ऐरोलीत एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.)

वायफायच्या क्यूआरमध्ये काही कुलूपबिलूप नसतं. कुठल्याही स्कॅनरने उघडला तर आत सरळ असं दिसतं:

```
WIFI:T:WPA;S:Naupada_Class;P:ganit1234;;
```

एस म्हणजे नाव, पी म्हणजे पासवर्ड. दारामागच्या क्यूआरचा कोणी फोटो काढला असेल तर त्याने पासवर्डच नेला. तो फोटो व्हॉट्सॅपवर गेला असेल तर तो आता कोणाकडे आहे हे तुम्ही सांगू शकत नाही. आणि माझ्या मते बदलायची सगळ्यात भक्कम खूण हीच: "हा कोणाकोणाकडे आहे?" याचं उत्तर देता न येणं. पाच जणांना दिलाय आणि पाचही जण डोळ्यांसमोर आहेत, तर जुना झाला म्हणून बदलायची घाई नाही.

दर तीन महिन्यांच्या नियमाबद्दल: अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. ते खात्यांच्या पासवर्डबद्दल आहे, वायफायबद्दल नाही, पण कारण घरातही लागू पडतं. सारखं बदलायला लागलं की माणूस शेवटचा आकडा वाढवतो. ganit1234 चं ganit1235 होतं, आणि ते क्लासमधल्या सगळ्यात मागच्या बाकावरचा मुलगाही ओळखतो.

मिहिर, नेट स्लो होणं ही खूण फार कच्ची आहे. संध्याकाळी नऊ वाजता अख्ख्या इमारतीचे राउटर एकाच चॅनेलवर ओरडत असतात, तेव्हा स्लो होणारच. त्यात चोराचा काही संबंध नसतो. मॅक फिल्टरबद्दल नंतर लिहितो, जेवायला बोलावलंय.

---

तिरकस

मागच्या बाकावरच्यांचा अपमान झालेला आहे. निषेध.

---

पामबीच

नवी मुंबईकरांनी तरी हा विषय हलक्यात घेऊ नये. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल गेला, त्याचा माग आमच्या सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या इंटरनेट जोडणीपर्यंत आला होता. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाची चौकशी झाली, आणि पाठवणाऱ्यांनी फक्त त्याचं वायफाय वापरलं होतं असं निघालं. बाहेरून दिसतो तो तुमच्या जोडणीचा आयपी पत्ता. आत कोण बसलंय ते दिसत नाही. पोलिस येतात ते बिल ज्याच्या नावावर त्याच्याकडे.

---

गावदेवी

पामबीच, ते वायफाय उघडं होतं, पासवर्डच नव्हता. दहावीच्या पोरांना दिलेला पासवर्ड आणि ते, यांची तुलना होऊ शकत नाही. हल्ली शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यायलाही लोक ओटीपी मागतील. आमच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि अख्खी चाळ बघायची.

---

पामबीच

मान्य, ते उघडं होतं. पण जो पासवर्ड शंभर जणांना माहीत आहे तो असून नसल्यासारखाच. आणि चाळीतल्या टीव्हीवर बसून कोणी धमकीचं पत्र पाठवत नव्हतं.

---

खाडीकिनारी

जेवून आलो. आता मॅकचं.

राउटरच्या पानावर (पत्ता बहुतेक 192.168.1.1 किंवा 192.168.0.1) जोडलेल्या उपकरणांची यादी असते. लोक ती उघडतात, अनोळखी नावं बघतात आणि घाबरतात. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता सांगतच नाहीत. प्रत्येक नेटवर्कसाठी एक खोटा पत्ता तयार करतात, आणि नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडलं तर काही फोन नवीनच पत्ता घेतात. त्यामुळे तुमच्याच नवऱ्याचा फोन यादीत दोनदा दिसू शकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे, पत्त्यातलं दुसरं अक्षर बघा:

```
DA:3F:91:0C:7E:22
```

दुसऱ्या जागी 2, 6, A किंवा E असेल तर पत्ता बनावट, म्हणजे बहुधा एखादा फोन किंवा लॅपटॉप. टीव्ही, प्लग, कॅमेरा यांचे पत्ते सहसा खरे असतात. आणि याच कारणाने मॅक फिल्टर आता कुचकामी आहे. आज अडवलेला फोन उद्या नव्या पत्त्याने येतो, आणि तुमचा स्वतःचा मात्र बाहेर राहतो.

केतकीताई, खात्री करायची असेल तर एका रात्री हे करून बघा. सगळे झोपायच्या वेळी घरातले फोन नि लॅपटॉप विमान मोडवर, टीव्ही नि प्रिंटर भिंतीवरच्या बटणावरून बंद. मग राउटर रीस्टार्ट करा. हे महत्त्वाचं, कारण गेलेल्या उपकरणांची नावंही यादीत एखादा दिवस रेंगाळतात, आणि रीस्टार्टने बहुतेक राउटरवर ती साफ होतात. मग एकच लॅपटॉप केबलने जोडून पंधरावीस मिनिटांनी यादी बघा. जे दिसेल ते एकतर तुम्ही विसरलेलं घरातलंच काही, नाहीतर बाहेरचं. सिग्नलचा रकाना असेल तर तोही लिहून घ्या.

---

मिहिर_खारघर

मॅकचं हे माहीत नव्हतं. पण नाव लपवायला काय हरकत आहे?

---

खाडीकिनारी

ज्या पोरांच्या फोनमध्ये नाव आणि पासवर्ड आधीच साठवलेला आहे, त्यांना लपवलेलं नावही सापडतं. ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यापासूनच लपतं, आणि तेही फारसं नाही. शिवाय तुमचाच फोन मग जाईल तिथे "अमुक नेटवर्क आहे का इथे?" असं हाकारत फिरतो.

---

नेरूळचा_नंदू

आमचा पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाईल नंबर. कोणाला दिलेला नाही. तो चालेल ना? फक्त घरात चौघांना माहीत आहे.

---

खाडीकिनारी

नंदू, तो कोणी न सांगताही निघतो. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. डब्ल्यूपीए२ या घरोघरच्या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण कोणी हवेतून टिपली, तर पुढचे अंदाज तो स्वतःच्या घरी बसून लावू शकतो, राउटरला पत्ताही लागत नाही. गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाने सेकंदाला पाच लाख अंदाज धरले तरी सव्वादोन तासांत सगळे नंबर संपतात. हा पासवर्ड आजच बदला, इथे कुठल्याही खुणेची वाट बघायची गरज नाही.

---

तिरकस

बाबांचा नंबर ब्लॉकच करून टाक, वायफाय सुरक्षित होईल.

---

केतकी_नौपाडा

काल रात्री केलं सगळं. सासरे म्हणाले, "घरात दिवे चालू ठेवू का तेवढे?"

सगळं बंद करूनही यादीत चार नावं उरली. एक सीसीटीव्हीचा डीव्हीआर, तो केबलनेच जोडलेला आहे. दुसरं काही केल्या कळेना, मग गीझरच्या स्मार्ट प्लगचा प्रकाश पडला, तो मी पार विसरले होते. तिसरं टीव्हीला लावतात तसल्या स्टिकचं नाव दिसत होतं. आमच्याकडे तसली स्टिक नाहीच! चौथ्याला नाव नाही, पण पत्त्यातलं दुसरं अक्षर E.

सिग्नलच्या रकान्यात प्लगला -४९, स्टिकला -७८ आणि त्या शेवटच्याला -८३ होतं. याचा अर्थ काय?

---

खाडीकिनारी

आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. -४९ म्हणजे एखादी भिंत मधे, घरातच. -७८ नि -८३ म्हणजे दोनतीन जाड भिंती किंवा स्लॅबपलीकडे. जुन्या इमारतीच्या भिंती जाड असतात, त्यामुळे अंतर किती ते मोजून सांगता येणार नाही. पण ही दोन तुमच्या बैठकीच्या खोलीत नाहीत एवढं नक्की. स्टिक एका जागी बसलेली असते, म्हणजे शेजारी किंवा वरच्या मजल्यावर चौकशी करा. शेवटचा फोन असावा.

---

केतकी_नौपाडा

स्टिकचं कोडं सुटलं. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या काकूंची. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या नातवाच्या ऑनलाइन शाळेसाठी सासूबाईंनीच पासवर्ड दिला होता, आणि पुढे त्यांनी टीव्ही घेतला तेव्हा इन्स्टॉल करणाऱ्या मुलाने तोच टाकला. काकूंना वाटत होतं नेट टीव्हीबरोबर फुकट येतं. आता त्यांना कसं सांगायचं हा वेगळाच धागा होईल.

चौथ्याचा पत्ता लागत नाही. रात्री एक वाजता आमच्या वायफायवर कोण?

---

गावदेवी

बघा, शेवटी निघालं काय तर काकू! अतिरेकी वगैरे काही नाही. चौथा पण कोणीतरी अभ्यास करणारा मुलगाच असेल.

---

बंड्या

रात्री एकला अभ्यास. गावदेवी, तुम्ही फार चांगल्या मनाचे आहात.

---

सुहास_वाशी

मी शाळेत शिकवतो, म्हणून एक शंका. फुकट नेट वापरलं इथवर ठीक आहे, डेटा अमर्याद असतो. पण एखाद्या उचापती मुलाकडे पासवर्ड असेल तर तो नेट वापरण्यापलीकडे काय करू शकतो? बँकेचे व्यवहार वगैरे बघू शकतो का?

---

खाडीकिनारी

बँकेचं आतलं नाही, ते वेगळं कुलूपबंद असतं. पण दोन गोष्टी आहेत ज्या लोकांच्या लक्षात येत नाहीत.

एक, तो आत आला की तुमचा प्रिंटर, डीव्हीआर, राउटरचं पान हे सगळं त्याच्यासमोर असतं. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवलेलाच असेल तर तो तुमच्या घराचे कॅमेरे बघू शकतो. राउटरच्या पानाचा पासवर्ड admin असेल तर उद्या तुम्ही वायफायचा कितीही भारी पासवर्ड ठेवा, बदलण्याआधीच त्याने दूरून आत यायची सोय करून ठेवलेली असू शकते.

दुसरी जरा गंमतशीर आहे. तुमचं नाव नि पासवर्ड दोन्ही ज्याला ठाऊक आहेत, तो स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट त्याच नावाने, त्याच पासवर्डने चालू करू शकतो. तुमचा फोन त्याला घरचं वायफाय समजून आपणहून जोडला जातो, अगदी स्टेशनवरसुद्धा. मग तुमची सगळी ये-जा त्याच्या फोनमधून. बँकेचं कुलूप तेव्हाही टिकतं, पण तुम्ही कुठल्या कुठल्या साइटवर जाता हे त्याला कळतं, आणि खोटं लॉगिन पान पुढे करता येतं. पोराला हे सुचायला फार हुशारी लागत नाही. म्हणून मी म्हणेन, पासवर्डबरोबर नावही बदला, आणि घरच्या फोनांमधून जुनं नाव 'विसरा' करून काढून टाका.

---

शलाका

नाव बदलू नका असं मी म्हणेन! आमच्याकडे तेच केलं आणि एसी, दोन प्लग, डोअरबेल सगळं पुन्हा जोडावं लागलं. त्यापेक्षा जुनं नाव नि पासवर्ड गेस्ट नेटवर्कला द्यायचा. उपकरणं आपोआप तिकडे जातात, काहीही करावं लागत नाही. घरच्या माणसांसाठी नवं नाव, नवा पासवर्ड. मी गेले कित्येक महिने असंच चालवतेय.

---

खाडीकिनारी

शलाकाताई, युक्ती म्हणून झकास आहे. ज्यांचा पासवर्ड चारपाच जणांनाच माहीत होता त्यांच्यासाठी योग्यही. पण केतकीताईंच्या बाबतीत जुना पासवर्ड जिवंत राहिला तर चौथा फोनही जिवंत राहतो, तोही आपोआप गेस्टवर येतो. गेस्टवर उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत असा पर्याय चालू असेल तर तुमच्या प्लगला तो हात लावू शकणार नाही, पण बिल तुमच्या नावावर आहे ते आहेच.

नाव तेच ठेवून फक्त पासवर्ड बदलला तरी एसी-प्लग पुन्हा जोडावे लागतातच. तो त्रास नावामुळे वाढत नाही.

---

शलाका

बिलाचा मुद्दा पटला. बाकी नाही पटलं. माझ्या घरी कोणी क्लास नाही, मी बदलणार नाही.

---

सुहास_वाशी

कधी बदलायचा हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. माझ्या मते बॅच सुटते तीच वेळ. दहावीची मुलं गेली की त्यांना यायचं कारण उरत नाही, आणि नवी बॅच यायच्या आत झालं तर कोणाला काही समजावून सांगावंही लागत नाही. मध्येच बदलला तर "मॅडमनी आपल्यावर संशय घेतला" असं मुलांना वाटतं. मुलं फार पटकन दुखावतात.

---

केतकी_नौपाडा

सुहास सर, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि त्या एकदम तयार झाल्या! संशयाचाच मुद्दा त्यांच्या मनात होता. नववीची परीक्षा संपेपर्यंत क्लासमध्ये नोट्सच्या पीडीएफ उघडायला मुलांना नेट लागतं, नंतर सुट्टीची बॅच सुरू होईपर्यंत मधे मोकळा आठवडा आहे.

पण चौथ्याचं काय? तोवर थांबू की लगेच करू?

---

खाडीकिनारी

एकट्या जोडलेल्या फोनसाठी मी परीक्षेच्या मधोमध घर उलटंपालटं करणार नाही. पण दोन गोष्टी आज रात्रीच करा, त्याने कोणाचंच काही बंद पडत नाही: राउटरच्या पानाचा पासवर्ड आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला. राउटरचं लॉगिन केबलवाल्याकडे असेल तर त्याला फोन करून मागून घ्या. त्याच पानावर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, चालू असेल तर बंद करा, आणि दूरून व्यवस्थापनाचा पर्याय चालू असेल तर तोही. दारामागचा क्यूआर आजच काढा.

यादीत ओळखीचं नसलेलं काही रोज दिसायला लागलं, किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये तुम्ही न केलेला बदल दिसला, तर मात्र परीक्षा असो की काही, त्याच रात्री बदला.

मोकळ्या आठवड्यात शनिवारी सकाळी घ्या, संध्याकाळी नको. काही अडलं तर केबलवाला दिवसा भेटतो. मुलांसाठी गेस्ट नेटवर्क, त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहिला तरी चालेल, फक्त बॅच सुटली की तो बदलायचा. त्याला तुमचा प्लग नि प्रिंटर लटकलेला नसल्यामुळे दोन मिनिटांचं काम आहे. काकूंची स्टिकही तिथेच घ्या, म्हणजे दर जूनला त्यांना वाईटपणा न घेता आठवण करून देता येईल :)

---

अण्णा_कोपरी

शलाका ताई, जुन्या फोनवरून क्यूआर निघाला. नवा फोन चालू झाला. आभार. तो क्यूआर मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आहे, इतरांनाही उपयोग होईल.

---

तिरकस

अण्णा!!!!

---

शलाका

अण्णा, तो मेसेज लगेच डिलीट करा, 'सगळ्यांसाठी' वाला पर्याय. आणि मग वरचा खाडीकिनारींचा प्रतिसाद पुन्हा वाचा, आता तो तुमच्यासाठीही आहे.

---

मिहिर_खारघर

एक प्रॅक्टिकल प्रश्न. मागच्या वेळी पासवर्ड बदलला तेव्हा गीझरचा प्लग काही केल्या जोडला जाईना, शेवटी नवा घेतला. केतकीताईंचंही तसंच होईल.

---

खाडीकिनारी

प्लग बहुधा चांगला होता. हे स्वस्त प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली देत असेल तर जोडणीच्या वेळी फोन ५ वर नि प्लग २.४ वर अशी चुकामूक काही प्लगांना झेपत नाही. जोडताना ५ चा बँड तात्पुरता बंद करा, प्लग जोडला गेला की पुन्हा चालू करा. आणि नवा पासवर्ड ठेवताना हौसेने सुरक्षा 'फक्त डब्ल्यूपीए३' वर नेऊ नका, जुने प्लग त्यावर येतच नाहीत. डब्ल्यूपीए२ नि ३ एकत्र असा पर्याय असतो, तो ठेवा. प्लगवरचं बटण पाचसहा सेकंद दाबून ठेवलं की बहुतेकांचा दिवा भराभर लुकलुकतो, तेव्हाच तो नवं नेटवर्क घ्यायला तयार असतो.

---

मिहिर_खारघर

जुना प्लग माळ्यावर आहे. काढून बघतो.